सहा लाख पीस, पण कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने तिचं प्रोफाइल मला वाचायला पाठवलं. पाच वर्षं अंधेरीतल्या एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझर, बायकांचे वोव्हन टॉप आणि ड्रेस, दोन युरोपीय बायर. वर ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘वर्षाला सहा लाख पीसच्या ऑर्डरी हाताळल्या, ९५ टक्के शिपमेंट वेळेवर, एक्यूएल २.५ साध्य.’ तिने तीन ठिकाणी अर्ज केला होता आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नव्हता. काम तिचं चांगलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही ती ओळ वाचून मीही तिला बोलावलं नसतं.

निर्यात करणाऱ्या कंपनीत मर्चंडायझर निवडणारा माणूस स्वतः बहुधा वीस वर्षं हेच करत आलेला असतो. सहा लाख म्हटलं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, टेबलावर माणसं किती होती? तिच्या टीममध्ये तीन मर्चंडायझर आणि एक मॅनेजर होता, म्हणजे सहा लाख हा आकडा अख्ख्या विभागाचा. ९५ टक्के म्हटलं की तो विचारतो, कोणत्या तारखेशी तुलना करून? आणि ‘एक्यूएल २.५ साध्य’ हे तर वाचताच त्याला कळतं की लिहिणारीने इन्स्पेक्शन रिपोर्ट फक्त पुढे पाठवले आहेत, वाचलेले नाहीत. खरं तर तिने ते वाचले होते. प्रोफाइलमध्ये ते दिसत नव्हतं, एवढंच.

आम्ही ती ओळ खोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात जे केलं ते इथे सांगते. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी मेळ तसाच ठेवला आहे.

प्रोफाइल लिहायला बसण्याआधी एक तक्ता लागतो. मागच्या पूर्ण बारा महिन्यांत तुमच्या नावावर असलेली प्रत्येक ऑर्डर, एका ऑर्डरीला एक ओळ. त्या ओळीत बायर, कपड्याचा प्रकार, कापड, पॅकिंग लिस्टप्रमाणे गेलेले पीस, पीओ मिळाल्याची तारीख, पीओवर छापलेली मूळ एक्स-फॅक्टरी तारीख, माल प्रत्यक्ष बाहेर पडल्याची तारीख, समुद्रमार्गे गेला की विमानाने, फायनल इन्स्पेक्शनचा पहिला निकाल, आणि काही बिघडलं असेल तर चार शब्दांत कारण. एवढंच. किंमत नको, स्टाइलचं चित्र नको, टेक पॅक नको. हा तक्ता नोकरीत असताना दर महिन्याला स्वतःच्या वहीत भरत जावा. राजीनामा दिल्यावर शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवणं हा वेगळा प्रकार आहे. तो कराराचा भंग ठरू शकतो. शिवाय मुलाखतीत असा कागद बाहेर काढणारा माणूस उद्या आमचेही कागद असेच नेईल, हे समोरच्याला लगेच दिसतं.

आमच्या या मुलीच्या तक्त्यात आधी ४२ ओळी आणि १,७८,००० पीस भरले. त्यांतल्या दोन ऑर्डरी सॅम्पल मंजूर झाल्यावर बायरने रद्द केल्या होत्या, त्या ७,५०० पीसच्या. त्यावर तिचे कष्ट झाले होते, पण माल गेला नव्हता, म्हणून त्या काढल्या. उरल्या ४० ऑर्डरी आणि १,७०,५०० पीस. सहा लाखांवरून एवढं खाली आल्यावर तिचा चेहरा पडला. मी तिला सांगितलं, हा आकडा तुझा आहे आणि यातल्या प्रत्येक पीसबद्दल तू उत्तर देऊ शकतेस. त्या सहा लाखांबद्दल देऊ शकत नव्हतीस.

पण नुसते १,७०,५०० सुद्धा अपुरेच. जर्मन बायरच्या १४ ऑर्डरींमध्ये १,१२,००० पीस होते, म्हणजे सरासरी एका ऑर्डरीला ८,०००. ब्रिटिश बायरच्या २६ ऑर्डरींमध्ये मिळून ५८,५००, सरासरी २,२५०. पीस मोजले तर दोन तृतीयांश काम जर्मन बायरचं. पण लॅब डिप, फिट सॅम्पल, साइज सेट, पीपी सॅम्पल हे सगळं प्रत्येक स्टाइलला स्वतंत्र करावं लागतं, ऑर्डर दोन हजारांची असो की आठ हजारांची. त्यामुळे तिच्या टेबलावरचं बहुतेक काम ब्रिटिश बायरचं होतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला हे न सांगता कळतं. तिरुपूरला साध्या टी-शर्टची एक स्टाइल लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि मुंबईत भरतकामाच्या ड्रेसची ८०० पीसची ऑर्डर दोन महिने झोप उडवते. म्हणून पीसच्या आकड्याशेजारी ऑर्डरींची संख्या आणि कपड्याचा प्रकार नसेल, तर तो आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. रकमेचा अंदाज द्यायचा असेल तर वर्षाचं एकूण एफओबी मूल्य ढोबळ द्यावं. तिचं साधारण साडेदहा लाख डॉलर होतं. पीसचा दर मात्र कधीही लिहू नये, तो कंपनी आणि बायर यांच्यातला व्यवहार असतो.

बायरचं नाव लिहावं की नाही, हा प्रश्न नेहमी येतो. काही मोठे ब्रँड आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी स्वतःच जाहीर करतात. तुमची कंपनी त्या यादीत असेल तर नाव लिहायला हरकत नाही. नसेल आणि करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर देश, दुकानाची जात आणि किमतीची पातळी सांगावी: ‘ब्रिटनमधली मध्यम किमतीची हाय स्ट्रीट साखळी’. जाणकाराला तेवढं पुरतं. त्याला नावापेक्षा बायरची शिस्त जाणून घ्यायची असते. नॉमिनेटेड मिलचंच कापड घ्यावं लागत होतं का, मंजुरी बायरच्या भारतातल्या ऑफिसातून येत होती की थेट लंडनहून, टेस्टिंग कोणत्या प्रयोगशाळेत होत होतं. या तीन गोष्टी एका वाक्यात मावतात, आणि दहा ब्रँडची नावं ओळीने लिहिण्यापेक्षा जास्त सांगून जातात.

दिवस कुठून मोजायचे

लीड टाइमवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण प्रत्येक जण आपल्या सोयीच्या दिवसापासून मोजतो. कुणी पीओ हातात आल्यापासून, कुणी कापड कारखान्यात आल्यापासून, कुणी पीपी मंजूर झाल्यापासून. ‘४५ दिवसांत शिपमेंट’ लिहिणाऱ्याने कापड आल्यापासून मोजले असतील तर त्यात विशेष काही नाही. पीओपासून मोजले असतील तर मला त्याला भेटायला आवडेल. म्हणून नियम एकच: पीओ मिळाल्यापासून मूळ एक्स-फॅक्टरी तारखेपर्यंत मोजा, आणि तसं मोजलं आहे हे लिहा. तिच्या बाबतीत जर्मन बायरचे १०५ दिवस, ब्रिटिश बायरचे ७०.

या ७० दिवसांमागे एक गोष्ट होती, आणि तिने ती लिहिलीच नव्हती. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. न्हावाशेवाहून उत्तर युरोपचा प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. दुकानात माल पोहोचण्याची तारीख तीच राहिली, म्हणून तिच्या ब्रिटिश बायरने माल बाहेर पडण्याची तारीख अलीकडे ओढली. आधी मिळत होते ८० दिवस, आता ७०. तेच काम दहा दिवस कमी घेऊन करायचं होतं. नुसतं ‘लीड टाइम ७० दिवस’ वाचून यातलं काहीच कळत नाही. ‘८० वरून ७० वर आणलेल्या मुदतीत’ असं लिहिलं की कळतं. मात्र इथे एक सावधगिरी हवी: ‘लीड टाइम दहा दिवसांनी कमी केला’ असं तिने लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. मुदत बायरने कमी केली, तिने ती निभावली.

आता ते ९५ टक्के. ४० पैकी ३८ ऑर्डरी वेळेवर, असा तिचा हिशोब होता. मूळ तारखा काढून बघितल्या तेव्हा ३३ ऑर्डरी पीओवरच्या तारखेला गेल्या होत्या, ५ बायरने लेखी मान्य केलेल्या सुधारित तारखेला, आणि २ उशिरा. बहुतेक कंपन्यांच्या टीएनएमध्ये तारीख बदलली की जुनी पुसली जाते, आणि वर्षअखेर सगळंच वेळेवर दिसतं. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या शीटमध्ये जे उरलं होतं तेच तिने मोजलं होतं. म्हणूनच मूळ तारखेचा रकाना वेगळा ठेवावा आणि त्याला हात लावू नये. मूळ तारखेनुसार तिचा आकडा ८२ टक्क्यांच्या थोडा वर भरतो. तोच लिहिला, आणि उरलेल्या सात ऑर्डरींचं काय झालं तेही लिहिलं.

सुधारित तारखेच्या पाचपैकी तीन ऑर्डरी बायरने ठरवून दिलेल्या पुरवठादाराकडून लेबलं उशिरा आल्यामुळे अडकल्या. दोनमध्ये बायरने पीपीच्या टप्प्यावर प्रिंट बदलली. हे बाहेरचं कारण. पण उशिरा गेलेल्या दोनपैकी एकीचं कारण तिच्याच टेबलावर होतं, आणि प्रोफाइलमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच ऑर्डर. गडद हिरव्या रंगाचा लॅब डिप बायरने चार वेळा नाकारला. रंगवणारा डी६५ या दिवसाच्या प्रकाशात रंग जुळवत होता, आणि तिथे तो नीट जुळतही होता. बायर मात्र टीएल८४ प्रकाशात बघत होता, युरोपातल्या दुकानात असतो त्या ट्यूबच्या प्रकाशात. तिथे तोच हिरवा तपकिरीकडे झुकायचा. कोणत्या प्रकाशात बघणार हे बायरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, पण तिने रंगवणाऱ्याला पाठवलेल्या चिठ्ठीत नव्हतं. यात १६ दिवस गेले आणि ऑर्डर विमानाने पाठवावी लागली, खर्च कंपनीच्या डोक्यावर. त्यानंतर तिने लॅब डिपच्या प्रत्येक मागणीवर पहिला आणि दुसरा प्रकाश लिहायला सुरुवात केली, आणि उरलेल्या वर्षात कोणताही रंग दोनपेक्षा जास्त फेऱ्यांत गेला नाही.

ती म्हणाली, ‘मॅडम, ही चूक मी स्वतःहून का सांगू?’ कारण विमानाने गेलेला माल मुंबईच्या या धंद्यात लपत नाही, दोन फोन केले की कळतो. आणि प्रकाशाची अट न कळवल्याने किती नुकसान होतं हे ज्याने स्वतः सोसलं आहे, त्याला ते पुन्हा शिकवावं लागत नाही. हा विचार नेमणूक करणारा करतोच.

पास झाला म्हणजे किती पास

एक्यूएल २.५ हा निकाल नाही, तो मोजण्याचा गज आहे. आयएसओ २८५९-१ या मानकाच्या तक्त्यातून किती पीस तपासायचे आणि किती दोष चालतील हे ठरतं. नेहमीची दुसरी पातळी धरली तर ८,००० पीसच्या लॉटमधून २०० पीस काढतात, आणि मेजर दोष १० पर्यंत असतील तर लॉट पास, ११ झाले की नापास. २,२५० पीसच्या लॉटमधून १२५ काढतात, तिथे ७ चालतात, आठवा दोष लॉट पाडतो. म्हणून ‘एक्यूएल २.५ साध्य’ या शब्दांना अर्थच नाही. विचारण्यासारखी गोष्ट ही की किती लॉट पहिल्याच तपासणीत पास झाले, आणि तपासणारा कोण होता. बायरचा स्वतःचा क्यूए, बाहेरची तपासणी संस्था, की कारखान्याचाच क्यूसी ज्याला बायरने सही करायचा अधिकार दिला आहे. तिघांच्या ‘पास’चं वजन वेगळं असतं.

तिच्या ४० पैकी ३६ ऑर्डरी पहिल्या तपासणीत पास झाल्या. चार नापास, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासून गेल्या. सगळ्या तपासण्या बायरच्या क्यूएने केलेल्या. ३६ ला ४० ने भागून ९० टक्के लिहिता येतं, पण पुढचं वाक्य जास्त मोलाचं होतं: पहिल्या सहा महिन्यांत तीन नापास, दुसऱ्या सहा महिन्यांत एक.

हे कसं झालं? पहिल्या तिघींपैकी दोन व्हिस्कोस क्रेपच्या ड्रेसच्या होत्या, आणि दोन्हींत दोष एकच, लांबी कमी. टॉलरन्स एक सेंटिमीटर, ड्रेस भरत होते दीड सेंटिमीटर आखूड. साइज सेट मंजूर झालेला, पॅटर्नही तोच. शोधल्यावर कळलं की साइज सेट आधी मागवलेल्या नमुन्याच्या कापडात शिवला होता, आणि बल्कचं कापड वेगळ्या लॉटचं होतं. व्हिस्कोस क्रेप गुंडाळताना ताणलं जातं. फिनिशिंगला वाफेची इस्त्री फिरली की ते आपल्या मूळ मापाला परत जातं, आणि हा लॉट जास्त आक्रसत होता. कटिंगपर्यंत सगळं बरोबर दिसायचं, माप चुकायचं ते अगदी शेवटी. दोनपैकी एक ऑर्डर यातच सहा दिवस अडकली. वर सांगितलेल्या उशिरा गेलेल्या दोनांतली दुसरी ती हीच.

कापड कसं कापायचं हे मर्चंडायझर ठरवत नाही. पण टीएनए तिचा असतो. तिने त्यात दोन नवे रकाने घातले: प्रत्येक लॉटचा वाफेनंतरचा आक्रस मोजल्याचा रिपोर्ट, आणि साइज सेट बल्कच्याच कापडात शिवल्याची खूण. हे दोन भरल्याशिवाय कटिंगची तारीख पक्की करायची नाही, असं तिने प्रॉडक्शन मॅनेजरशी भांडून ठरवून घेतलं. कापड उलगडून चोवीस तास सैल ठेवायची जबाबदारी कटिंग खात्याने घेतली. साइज सेटला त्यामुळे चार दिवस जास्त लागू लागले, आणि ७० दिवसांच्या मुदतीत ते चार दिवस काढण्यासाठी तिने ट्रिम्सची मागणी आधी पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या सहामाहीतल्या व्हिस्कोसच्या सातही ऑर्डरी मापावर पास झाल्या. तेव्हा नापास झालेली एकमेव ऑर्डर डाग आणि लोंबत्या धाग्यांची होती, तिच्यात तिचा हात नव्हता आणि तिने तसा दावाही केला नाही.

शिलाई लाइनवरचे डीएचयूचे आकडे, म्हणजे शंभर पीसमागे किती दोष, पुष्कळ जण प्रोफाइलमध्ये घालतात. तो आकडा लाइनच्या सुपरवायझरचा असतो. तुमच्या एखाद्या निर्णयामुळे तो बदलला असेल तरच घाला.

शेवटी कागदावर काय आलं

प्रोफाइल इंग्रजीतच जातं, पण मजकूर मराठीत सांगायचा तर तिच्या पहिल्या पानाचा वरचा भाग असा झाला:

‘एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. दोन बायर स्वतंत्रपणे सांभाळले, पीओपासून शिपमेंटपर्यंत. जर्मनीतली ऑनलाइन साखळी: बायकांचे साधे वोव्हन टॉप, १४ ऑर्डरी, १,१२,००० पीस, पीओपासून १०५ दिवस. ब्रिटनमधली हाय स्ट्रीट साखळी: व्हिस्कोस आणि कॉटनचे ड्रेस, २६ ऑर्डरी, ५८,५०० पीस, ८० वरून ७० दिवसांवर आणलेली मुदत, नॉमिनेटेड ट्रिम्स, मंजुरी थेट लंडनहून. एकूण एफओबी सुमारे साडेदहा लाख डॉलर. ४० पैकी ३३ मूळ तारखेला, ५ बायरने मान्य केलेल्या सुधारित तारखेला, २ उशिरा, त्यातली १ विमानाने. बायरच्या क्यूएकडून पहिल्या तपासणीत ४० पैकी ३६ पास. व्हिस्कोसच्या मापातल्या दोषांनंतर लॉटवार आक्रस-चाचणी टीएनएमध्ये आणली, पुढच्या सातही व्हिस्कोस ऑर्डरी मापावर पास.’

एवढंच. खाली आधीच्या चार वर्षांसाठी एकेक ओळ, मग शिक्षण. ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’, ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ हे सगळं गेलं, कारण दहा दिवस कमी झालेल्या मुदतीत ते येऊन गेलं होतं.

अर्ज बायिंग हाऊसला करायचा असेल तर हाच तक्ता वेगळ्या कोनातून मांडावा लागतो. तिथे एक मर्चंडायझर अनेक कारखाने बघतो, म्हणून किती कारखान्यांत ऑर्डरी होत्या आणि तपासणीला तुम्ही स्वतः किती वेळा गेलात हे आधी यायला हवं. आणि अमेरिकन बायर सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लिहावी: २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लावलं. त्यानंतर तुमच्या ऑर्डरी घटल्या असतील, तर आकड्याशेजारी तो महिना आणि ते कारण द्यावं, नाहीतर वाचणारा ती घट तुमच्या खात्यावर लिहितो.

नवा कागद तिने चार ठिकाणी पाठवला आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी कागदावर बोट ठेवून एकच विचारलं, ‘ही विमानाने गेलेली कोणती?’ तिने हिरव्या रंगाची गोष्ट सांगितली. पुढचा पाऊण तास दोघी टीएल८४ आणि व्हिस्कोसवर बोलत होत्या.